५जी ठेवायचं की ४जीवर यायचं? आधी घरात मोजा, मग ठरवा

प्रश्न: मी शिवाजी पेठेत राहतो, जुन्या घरात, तळमजल्याला. दुकान लक्ष्मीपुरीत. ५जी फोन घेतल्यापासून घरात रेंजच्या एक-दोनच काड्या दिसतात, आणि सकाळी फुल्ल चार्ज केलेला फोन दुपारी चारला मान टाकतो. एकजण म्हणतो ५जी बंद कर, दुसरा म्हणतो २जीवर ठेव, तिसऱ्यानं कुठला तरी कोड मारायला सांगितलाय. फोनमध्ये दोन सिम आहेत. नेमकं काय निवडू?

उत्तर:

तिघांपैकी पहिल्याचं बहुधा बरोबर निघेल, पण त्यानं कारण सांगितलं नाही. म्हणून उद्या तुमच्या भावाच्या फोनवर तोच सल्ला चुकेल. दुसऱ्याचं ऐकू नका. तिसऱ्याच्या कोडविषयी पुढे सांगतो. मी बारा वर्षं टॉवरच्या कामावर होतो. गाडीत लॅपटॉप आणि चार फोन घेऊन गल्लोगल्ली रेंज मोजत फिरायचं, हेच काम. आता राजारामपुरीत दुरुस्तीचं दुकान आहे. ‘बॅटरी बदलून द्या’ म्हणून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची बॅटरी ठणठणीत असते. तिला दमवणारा असतो तो रेंज शोधणारा भाग.

फोनमधली बॅटरी आणि रेंज यांचं नातं आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येणं ही अर्धी गोष्ट झाली. फोनचं बोलणंही टॉवरला ऐकू जावं लागतं, आणि ते बॅटरीच्या जोरावर. टॉवर जवळ असेल तर फोन कुजबुजतो. टॉवर लांब असेल किंवा मध्ये दोन फुटी भिंत असेल तर त्याला ओरडावं लागतं. किती जोरानं बोलायचं ते टॉवरच त्याला सतत सांगत असतो. बहुतेक फोनमध्ये ४जी-५जीला ओरडायची कमाल मर्यादा साधारण २०० मिलिवॅट असते. आकडा लहान वाटतो, पण तेवढी शक्ती हवेत सोडायला आतला अँप्लिफायर त्याच्या कितीतरी पट वीज खातो आणि तापतो. रेंज दहा डेसिबलनं पडली की तेच बोलणं पोचवायला दहापट शक्ती लागते. घरात नुसता खिशात असलेला फोन कोमट लागतोय, असं कधी जाणवलं असेल तर ते हेच.

आता ५जी कुठं अडतं ते पाहू. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं आणि त्याचा मुख्य भार ३.५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर आहे. या लहरी वेग भरपूर देतात, पण भिंतीपुढे लवकर हार मानतात. ४जीसाठी कंपन्यांकडे ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झच्या लांब पल्ल्याच्या लहरीही आहेत, शिवाय १८००च्या मधल्या आहेत. त्यामुळे शिवाजी पेठेतल्या जाड भिंतींच्या घरात रस्त्यावर ५जी झकास, उंबऱ्यात ठीक आणि माजघरात नुसतं नावाला, असं चित्र दिसतं. ४जी मात्र माजघरापर्यंत तग धरून असतं. फोनला ‘५जी मिळालं तर तेच घे’ असं सांगून ठेवलंय, म्हणून तो त्या नावापुरत्या ५जीला चिकटायला बघतो. सुटतो, ४जीवर येतो, थोड्या वेळानं पुन्हा ५जी दिसलं की तिकडे पळतो. माजघरातून स्वयंपाकघरात आणि परत, असा तो दिवसभर फेऱ्या मारत असतो.

इथं एक फरक माहीत हवा, कारण तुमच्या दोन सिममध्ये तो असू शकतो. जिओचं ५जी स्वतंत्र आहे, म्हणजे फोन खिशात नुसता पडून असतानाही ५जीवरच मुक्काम करतो. एअरटेलनं सुरुवात केली ती ४जीच्या आधारानं चालणाऱ्या ५जीवर. त्यात फोन विसावतो ४जीवरच, आणि डेटा ओढायची वेळ आली की ५जीची दुसरी दोरी जोडून घेतो. पहिल्या प्रकारात कमजोर ५जीचा त्रास फोन पडून असतानाही होतो. दुसऱ्या प्रकारात पडून असताना फारसा नाही, पण वापरताना दोन्ही दोऱ्या एकदम सांभाळाव्या लागतात. शिवाय या दुसऱ्या प्रकारात वर ५जीचं चिन्ह दिसत असलं तरी त्या क्षणी डेटा ५जीवरून येतोच असं नाही. ‘५जी तर दिसतंय की!’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटवायला मला रोज पाच मिनिटं लागतात.

म्हणून काड्यांकडे बघू नका. कोणत्या आकड्याला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मनानं ठरवते. एकाच जागी एका फोनवर तीन आणि दुसऱ्यावर दोन काड्या मी रोज बघतो. आकडा बघा. अँड्रॉइडवर `Settings` मध्ये `About phone` आणि त्यात `SIM status` असं असतं. सॅमसंगवर `About phone` मधल्या `Status information` मध्ये `SIM card status` मिळेल. तिथं `Signal strength` पुढे असं काहीतरी दिसतं:

```
-105 dBm 35 asu
```

पहिला आकडा बघायचा, तो उणे असतो. शून्याकडे जितका जवळ तितकी रेंज चांगली. उणे ९०च्या आत असेल तर उत्तम. उणे १००च्या आसपास काम चालतं, तक्रार नको. उणे ११०च्या पुढे गेला की फोन ओरडायला लागला समजा, आणि उणे ११८-१२० म्हणजे कड्याच्या टोकावर उभं राहणं. दुसरा आकडा ४जीत पहिल्यात १४० मिळवून आलेला असतो, तो सोडून द्या. दोन सिम असतील तर दोन्हींचं वेगळं पान असतं, हे विसरू नका.

मोजताना जागा ठरवून मोजा. घरात फोन जिथं तासन्‌तास पडलेला असतो तीच जागा घ्यायची. गच्चीवरचा आकडा काय कामाचा? उशाशी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि दुकानात गल्ल्याजवळ, अशा तीन जागा तुम्हाला पुरे. प्रत्येक जागी आधी ५जी चालू ठेवून, मग ४जी करून मोजा. मोड बदलला की फोनला एक-दोन मिनिटं बसू द्या आणि मगच आकडा लिहा. फोन हातात घट्ट धरला तर आकडा पाच-सातनं सहज पडतो, म्हणून टेबलावर ठेवून वाचा. आधारावरच्या ५जीत या पानावर बऱ्याचदा ४जीचाच आकडा दिसतो, त्यामुळे दोन्ही मोडला आकडा सारखाच आला तर गोंधळू नका. तिथं निकाल बॅटरीच्या चाचणीवर लावायचा.

ती चाचणी अशी. रात्री अकराला फोन शंभर टक्के करून चार्जरवरून काढा, घरचं वायफाय बंद ठेवा, मोबाइल डेटा चालू ठेवा आणि फोन उशाशी ठेवून झोपा. सकाळी सहाला टक्के बघा. एक रात्र ५जीवर, दुसरी रात्र ४जीवर. दोन्ही रात्री जागा तीच ठेवायची. दिवसाच्या वापरावरून ठरवू नका, कारण एका दिवशी क्रिकेटची मॅच असते आणि दुसऱ्या दिवशी नसते.

एक खरी केस सांगतो, म्हणजे आकड्यांना अंग येईल. मंगळवार पेठेतले एक गृहस्थ आले होते. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर, घर जुनं, भिंती दगड-विटांच्या, खोली आतल्या बाजूला. फोन वर्षाचाच, पण तक्रार तुमचीच. शिवाय बायको म्हणायची, फोन लावला की ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ सांगतो, आणि यांच्या स्क्रीनवर तर काड्या दिसायच्या. आल्या आल्या बॅटरी बदला म्हणाले. मी बॅटरीचं माप घेतलं, ती चांगली होती. दीड-दोन हजारांचं बिल झालं असतं, पण मी त्यांना आधी घरी पाठवलं, वहीचा एक कागद देऊन.

तिसऱ्या दिवशी कागद भरून आला. सिम स्वतंत्र ५जीचं. उशाशी ५जीवर उणे ११६, ४जीवर उणे ९८. पडवीत ५जीवर उणे १०१, ४जीवर उणे ८८. रात्रीची चाचणी: ५जीवर शंभराचे एक्याऐंशी, ४जीवर शंभराचे चौऱ्याण्णव. झोपलेल्या माणसाच्या उशाशी पडून फोन सात तासांत एकोणीस टक्के खातो, म्हणजे तो स्वतः झोपत नव्हता. उणे ११६वर प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि प्रत्येक ईमेल तपासणी त्याला घसा फोडून करावी लागत होती, आणि मधूनमधून ४जी-५जीच्या फेऱ्या चालू होत्या. ४जीवर अठरा डेसिबल जास्त मिळाले आणि फोन शांत झाला.

‘संपर्क क्षेत्राबाहेर’चं कोडंही त्यातच सुटलं. फोन ५जीवर मुक्कामाला असताना कॉल आला, तर अनेकदा त्याला आधी ४जीवर यावं लागतं आणि मग कॉल जुळतो. चांगल्या रेंजमध्ये हे एका-दोन सेकंदांत होतं, कळतही नाही. पण ५जी इतकं मेटाकुटीला आलेलं असेल की ‘इकडे ये’ हा निरोपच फोनला नीट मिळत नाही, तर कॉल करणाऱ्याला थेट बाहेरची टेप ऐकू येते. ४जीवर ठेवल्यावर कॉल सरळ तिथंच येतो, मध्ये उडी नाही. त्यांच्या घरातली ही तक्रार त्याच आठवड्यात बंद झाली. बॅटरीपेक्षा याचंच त्यांना जास्त समाधान वाटलं, असं मला वाटतं.

पण कागदावर तिसरी ओळही होती, आणि तिथं मोड बदलून काहीच हाती लागलं नाही. फौंड्रीच्या शेडमध्ये, भट्टीच्या बाजूला, ५जी मिळतच नव्हतं आणि ४जी उणे ११९. वर पत्रा, चारी बाजूंना पत्रा. पत्र्यातून लहर आत येत नाही, ती दारा-खिडक्यांतून जेवढी वळून येईल तेवढीच. तिथं तुम्ही ५जी ठेवा, ४जी ठेवा, फोन ओरडणारच. त्यांना मी सांगितलं, फोन खिशात घेऊन भट्टीजवळ फिरू नका, ऑफिसच्या खिडकीत ठेवा, आणि कंपनीचं वायफाय मिळत असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. तसं केल्यावर संध्याकाळी सहाला घरी येताना फोनमध्ये चाळीसच्या वर टक्के शिल्लक राहायला लागले. आधी तीनला बंद पडायचा.

तुमच्याकडे परत येतो. उशाशी ५जीचा आकडा उणे ११०च्या पलीकडे असेल, आणि ४जीचा त्यापेक्षा दहा किंवा जास्त डेसिबलनं चांगला असेल, तर घरात ४जीवर या, दुसरा विचार नको. फरक पाच-सहाचाच असेल तर बॅटरीत फारसं काही पडणार नाही, तिथं रात्रीची चाचणी काय सांगते ते ऐका.

४जीवर यायचं कसं? गूगलच्या साध्या अँड्रॉइडवर `Network & internet` मध्ये `SIMs`, तिथं सिम निवडून `Preferred network type` असतं, त्यात `LTE` निवडा. सॅमसंगवर `Connections`, मग `Mobile networks`, मग `Network mode`. तिथं `5G/LTE/3G/2G` आणि `LTE/3G/2G` असे पर्याय दिसतात, त्यांच्यापुढे `auto connect` लिहिलेलं असतं. दुसरा घ्यायचा. काही फोनमध्ये सिमच्या पानावर ५जीचा सरळ वेगळा स्विचच असतो, तो बंद केला की झालं. आयफोनवर सिमच्या पानात `Voice & Data` मिळेल. तिथं `5G On` असेल तर आधी `5G Auto` करून बघा. त्यात बॅटरीवर ताण येणार असेल तर फोन स्वतःच ४जीवर राहायचा प्रयत्न करतो. तरी भागलं नाही तर `LTE`. बदल केल्यावर एकदा विमान मोड चालू-बंद करा, म्हणजे फोन नव्यानं जोडणी करतो.

आणि `VoLTE` चा स्विच चालू आहे ना, ते त्याच पानावर बघा. तो बंद असेल तर ४जीवर डेटा चालेल, पण कॉलसाठी फोन खाली २जीकडे धाव घेईल. जिओवर तर खाली धावायला काही नाहीच, तिथं कॉल लागणारच नाही.

आता तो कोड. तुम्हाला सांगितला गेला असेल तो बहुधा हा:

```
*#*#4636#*#*
```

यानं बऱ्याच अँड्रॉइडवर चाचणीचं पान उघडतं आणि तिथं `LTE only`, `NR only` असे पर्याय निवडता येतात. `NR` म्हणजे ५जी. टॉवरवर असताना आम्ही हे पान सर्रास वापरायचो. घरच्या फोनवर मात्र ते माप बघण्यापुरतं ठीक, कायमचं ठेवायला नको. नेहमीच्या सेटिंगमधलं `LTE` आणि या पानातलं `LTE only` यात मोठा फरक आहे. पहिल्यात ४जी संपलं तर फोनला खाली उतरायची परवानगी असते. दुसऱ्यात दार बंद. गगनबावड्याच्या घाटात ४जी गेलं आणि त्या जागी तुमच्या कंपनीचं २जी चालू असलं, तरी फोन ते घेणार नाही आणि ‘नो सर्व्हिस’ दाखवत बसेल. रेंज नसलेला फोन पुन्हा पुन्हा सगळ्या लहरी धुंडाळतो, म्हणजे बॅटरी वाचवायला केलेला उपाय घाटात बॅटरी पिऊन टाकतो. `NR only` तर त्याहून वाईट. आधारावरच्या ५जीत ४जीच काढून घेतलं तर आधारच गेला, सिम मेल्यासारखं पडून राहतं. कोणी तसं करून ठेवलं असेल तर त्याच पानावर जाऊन सगळे प्रकार असलेला पर्याय परत निवडा. काही फोन रिस्टार्ट केल्यावर आपोआप मूळ जागी येतात, सगळे येत नाहीत.

२जीवर ठेवायचा सल्ला कीपॅड फोनच्या काळातला आहे. त्या वेळी तो खरा होता, कारण पडून असलेला २जी फोन फार कमी वीज खायचा. आता बघा. जिओकडे २जी आणि ३जी कधी नव्हतंच, त्यांचं जाळं २०१६मध्ये ४जीपासूनच सुरू झालं. त्यामुळे जिओचं सिम २जीवर ठेवलं तर फोन बंद ठेवल्यात जमा. एअरटेल आणि व्हीआयचं २जी आहे, पण त्यावर डेटा इतका हळू की लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करून उभं राहील आणि तुमच्या फोनवर पैसे आल्याचा मेसेज चहा पिऊन होईपर्यंत यायचा नाही. शिवाय कॉल चालू असताना २जीचा फोन ९०० मेगाहर्ट्‌झवर दोन वॅटपर्यंत ओरडू शकतो. तो सलग नसतो, आठातल्या एका कप्प्यात बोलतो, तरी कमजोर रेंजमध्ये लांबलचक कॉल केला तर बचत कुठली? ३जीचा तर विषयच संपलाय. एअरटेल आणि व्हीआयनं त्या लहरी टप्प्याटप्प्यानं ४जीला देऊन टाकल्या. सेटिंगमध्ये ‘३जी’ शब्द दिसतो तो फोन जगभर विकायचा असतो म्हणून. २जी-३जी यादीत खाली असू द्या, ती गरज पडल्यावरची पायरी आहे. वर बसवायची नाही.

आता उलट बाजू, म्हणजे ५जी चालूच ठेवायचं कुठं. लक्ष्मीपुरीच्या दुकानात ४जीचा आकडा उणे ८५ दिसेल, काड्या फुल्ल असतील, तरी संध्याकाळी सहानंतर व्हिडिओ गोल गोल फिरत बसेल. ही रेंजची अडचण नव्हे, गर्दीची आहे. एका टॉवरच्या ४जीवर तेवढ्या भागातली सगळी माणसं लटकलेली असतात. ५जीचा रस्ता रुंद आहे आणि अजून त्यावर गर्दी कमी. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती किंवा चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर हे सगळ्यात ठळक जाणवतं. तिथं ४जीवर साधा फोटो जात नाही आणि त्याच जागी ५जीवर जाऊ शकतो. आणि आकडा उणे ९०च्या आत असेल तर ५जी बॅटरीचा शत्रूही नाही. काम पटकन उरकतं आणि फोनचा रेडिओ लवकर झोपतो. मोठी फाइल चांगल्या ५जीवर उतरवायला गर्दीच्या ४जीपेक्षा कमी बॅटरी लागते, हे मी स्वतः मोजून पाहिलंय.

एक पैशाची गोष्टही आहे. बऱ्याच प्लॅनमध्ये ५जीवरचा डेटा अमर्याद असतो आणि ४जीवरचा मात्र रोजच्या कोट्यातून कापला जातो. तुम्ही घरात ४जीवर आलात, मुलं हॉटस्पॉट लावून बसली, तर रात्री नऊलाच ‘कोटा संपला’चा मेसेज येईल आणि मग तुम्ही मला शिव्या घालाल. घरी ब्रॉडबँडचं वायफाय असेल तर हा प्रश्नच येत नाही.

म्हणजे तुमच्यासाठी घरात ४जी आणि दुकानात ५जी, अशी वाटणी निघू शकते. रोज दोनदा सेटिंगमध्ये जाणं कुणाला जमत नाही, मलाही नाही. फोन जिथं जास्त तास असतो, तिथल्या आकड्याला मान द्या. तुमचे दहा तास दुकानात जात असतील आणि घरी वायफाय असेल, तर दुकानचा विचार करून ५जी ठेवा आणि घरापुरतं वायफाय कॉलिंग चालू करा. घरी वायफाय नसेल आणि दुकानात नुसते कॉल आणि यूपीआयच चालत असेल, तर सरसकट ४जी. यूपीआयला ५जीची गरज नसते, त्याला स्थिर जोडणी लागते. सॅमसंगवर `Modes and Routines` मध्ये जागेनुसार काही गोष्टी आपोआप करता येतात. त्यात ५जीचा स्विच मिळतो का ते तुमच्या मॉडेलवर बघा.

दुसरं सिम मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण माझ्या अंदाजानं तुमचा निम्मा चोर तिथं आहे. बहुतेकांचं दुसरं सिम म्हणजे बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवलेला जुना नंबर. त्या कंपनीची तुमच्या गल्लीत रेंज आहे का, हे कोणी बघितलेलं नसतं. पहिलं सिम उणे ९५वर सुखात असतं आणि दुसरं उणे १२०वर मरत-जगत असतं. फोन दोन्हींसाठी जागतो. अँड्रॉइडच्या बॅटरीच्या पानावर `Mobile network` किंवा `Mobile network standby` असं नाव वरच्या दोन-तीनांत दिसलं, तर आधी दुसऱ्या सिमचा आकडा बघा. सिमच्या पानावरून ते एक रात्र बंद करा आणि वरची चाचणी पुन्हा घ्या. पहिल्या सिमचा मोड न बदलताही टक्के वाचले, तर उत्तर मिळालं. मग ते सिम लागेल तेव्हाच चालू करा, किंवा तो नंबर तुमच्या गल्लीत रेंज असलेल्या कंपनीकडे पोर्ट करा. रिचार्ज संपून बंद पडलेलं सिम आत तसंच ठेवलं असेल तर ते काढून डब्यात टाका.

शेजाऱ्याशी तुलना करताना जरा जपून. त्याच भिंतीपलीकडे त्याचं ५जी व्यवस्थित चालतं आणि तुमचं नाही, असं होतं. जिओकडे ३.५ गिगाहर्ट्‌झखेरीज ५जीसाठी ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीही आहेत. त्या भिंतीत मुरतात, पण वेग तेवढा देत नाहीत. त्याचा फोन कदाचित त्यांवर असेल आणि तुमचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल. किंवा त्याची खिडकी टॉवरच्या बाजूला असेल. पेठेत एका घराच्या पुढच्या आणि मागच्या खोलीत वीस डेसिबलचा फरक मी मोजलाय.

४जीचाही आकडा उशाशी उणे ११५च्या पलीकडे आला, तर मोडचा खेळ थांबवा. तिथं मार्ग दोनच. एक, वायफाय कॉलिंग: ब्रॉडबँड असेल तर कॉल त्यावरून येतात-जातात, जिओ आणि एअरटेल दोघांकडे ही सोय आहे. सिमच्या पानावर `Wi-Fi calling` चालू करायचं. दोन, कंपनी बदलणं. पण पोर्ट करण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेल्या एखाद्या मित्राला रात्री जेवायला बोलावून त्याचा फोन तुमच्या उशाशी ठेवा आणि आकडा वाचा. बाजारात मिळणारे स्वस्त सिग्नल बूस्टर घेऊ नका. परवानगीशिवाय ते लावणं बेकायदा आहे, आणि एका घरच्या बूस्टरनं अख्ख्या गल्लीचं ४जी बिघडल्याचं मी टॉवरच्या नोकरीत दोनदा शोधून काढलंय.

कागदावर सहा आकडे आणि दोन रात्रींचे टक्के लिहा, दुसऱ्या सिमसकट. आणि फोनचं सॉफ्टवेअर अपडेट आलं की मोड एकदा तपासा. त्या सुपरवायझर गृहस्थांचा फोन दोन महिन्यांनी पुन्हा दुपारी बंद पडायला लागला होता, तेव्हा अपडेटनं त्यांचं सेटिंग गुपचूप ५जीवर नेऊन ठेवलं होतं.